दर बुधवारची भाजीची टोपली आणि श्रावणाचा महिनाभराचा स्वयंपाक: कसं बसवता?

मृणाल_कोथरूड

नमस्कार मंडळी. जूनपासून आम्ही भोरकडच्या एका शेतकरी गटाकडून आठवड्याची टोपली घेतो. महिन्याचे पैसे आधी भरायचे, दर बुधवारी सकाळी साधारण साडेचार-पाच किलो भाजी घरी येते. काय येणार ते आपण निवडायचं नाही, रानात जे निघेल ते. भाजी ताजी असते, चव उत्तम असते, टोपली बंद करायचा विचार नाही.

अडचण नियोजनाची आहे. घरात आम्ही पाच जण: सासूबाई, आम्ही दोघं, शाळेत जाणारी दोन मुलं. सकाळी डब्यांना पोळी-भाजी, रात्री भाकरी किंवा भात आणि सोबत काहीतरी. महिन्याचा तक्ता करायची मला सवय आहे, सोमवारी मेथी, मंगळवारी फ्लॉवर असा. तो तक्ता टोपलीपुढे टिकत नाही. शिवाय आता श्रावण लागतोय. सासूबाईंचे सोमवार आणि शनिवार, महिनाभर कांदा-लसूण नाही, चातुर्मासात वांगं नाही.

या बुधवारची टोपली अशी: शेपूची मोठी जुडी, अळूची आठ पानं देठांसकट, भेंडी अर्धा किलो, काकडी अर्धा किलो, दोडकी पाऊण किलो, एक लांब पडवळ, एक मध्यम दुधी, लाल भोपळ्याची किलोभराची फोड, कोथिंबीर, मिरच्या.

पुढच्या आठवड्यात काय येईल ते ठाऊक नसताना महिन्याचं नियोजन कसं करता? भाज्यांच्या पाककृती नकोत, त्या येतात. बसवायचं कसं ते सांगा.

हेमंत_७२

एवढे पैसे आधी भरून दुसऱ्यानं निवडलेली भाजी का घ्यायची ते कळलं नाही. मंडईत सकाळी सातला गेलात तर निम्म्या भावात हवी ती भाजी मिळते. मी आठवड्याला किती लागतात त्याचा हिशेब ठेवला आहे, हवा असल्यास देतो.

मृणाल_कोथरूड

हेमंतराव, भावाचा प्रश्न नाहीये. टोपली चालूच ठेवायची आहे. ती आल्यावर पुढचे सात दिवस कसे लावायचे, हे विचारते आहे.

शैलाकाकू_डोंबिवली

मृणाल, मी बावीस माणसांचे डबे बरीच वर्षं केले. भाजीवाला काय आणेल ते मलाही आदल्या रात्री ठाऊक नसायचं, म्हणून सांगते. तक्ता भाज्यांचा करूच नकोस. आधी मोज.

सात दिवस, दोन वेळा, म्हणजे चौदा वेळा. तुझ्या टोपलीत कोथिंबीर-मिरची सोडून आठ जिन्नस आहेत. पाच माणसांना अर्धा किलो फळभाजी म्हणजे एका वेळची भाजी. दोडका पाऊण किलो दिसतो, पण शिरा काढून शिजला की निम्मा होतो, तोही एकाच वेळेचा. दुधी आणि भोपळा ताणले तर दोन-दोन वेळा. म्हणजे टोपली तुला आठ-नऊ वेळा देते. उरलेल्या पाच-सहा वेळा टोपलीबाहेरच्या आहेत, आणि तू त्या वेळाही टोपलीतूनच भागवायला बघते आहेस. म्हणून आठवड्याच्या शेवटी तारांबळ होते.

त्या पाच-सहा वेळा मात्र पूर्ण तुझ्या हातात आहेत. दोन उसळी, एक पिठलं किंवा झुणका, एक कढी नाहीतर जाड आमटी, एक थालीपीठ. नियोजन याचं कर, महिनाभराचं, तारखेसकट. भाजी हवी ती येऊ दे. वाण्याची यादीही सोपी होते. पाच माणसांच्या एका उसळीला पाव किलो कडधान्य धर. आठवड्याला दोन म्हणजे महिन्याला दोन किलो: मटकी, मूग, चवळी, वाल. बरोबर एक किलो बेसन, एक किलो दाणे, किलोभर भाजणी, अर्धा-पाऊण किलो मुगाची डाळ. एवढं घरात असलं की टोपलीत काहीही आलं तरी अडत नाही.

स्वयंपाकी_समीर

मला वाटतं याहून सोपं आहे. बुधवारी टोपली आली की सगळं धुवायचं, चिरायचं, पिशव्यांत भरून फ्रीजरमध्ये टाकायचं. मग कुठलीही भाजी कुठल्याही दिवशी. मी एकटा राहतो आणि असंच करतो. मटार, फरसबी, गाजर, सगळं छान राहतं.

शैलाकाकू_डोंबिवली

समीर, तू नावं घेतलीस त्या तिन्ही भाज्या राहतात, खरं आहे. उकळत्या पाण्यात दोन मिनिटं बुडवून, लगेच गार पाण्यात काढून, कोरड्या करून ठेवल्या तर अजून चांगल्या राहतात. पण त्या थंडीतल्या. मृणालच्या टोपलीत जास्त करून वेलाच्या भाज्या आहेत. दोडका, पडवळ, काकडी यांत पाणीच फार. गोठवून बाहेर काढलं की फोडी लिबलिबीत होतात आणि कढईत तळं साचतं. दुधी आणि भोपळा किसून, पाणी पिळून गोठवलास तर चालेल, पण मग तो थालीपिठात, घारग्यांत किंवा हलव्यातच घालायचा, भाजीत नाही.

अळूचं मात्र जमतं. वड्यांचे उंडे वाफवून, गार करून डब्यात ठेवायचे. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस, फ्रीजरमध्ये महिनाभर. लागतील तेव्हा कापून परतायचे. आठ पानांत दोन उंडे होतील.

मळेकरी_भोर

मी टोपल्या भरणाऱ्यांपैकी आहे. मृणालताईंचा गट आमचाच असेल असं नाही, पण रान सगळीकडे सारखंच चालतं. ‘काय येईल ते ठाऊक नाही’ असं गिऱ्हाईक म्हणतं तेव्हा मला सांगावंसं वाटतं की निम्मं आधीच कळतं.

भेंडी पेरली की पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी तोडा सुरू होतो, आणि एकदा सुरू झाला की एक दिवसाआड तोडावीच लागते, नाहीतर जून होते. दोडका, पडवळ, काकडी, कारली, घोसाळी यांचंही तसंच. मांडवावर वेल चढला आणि फळ लागलं की पुढचा महिना-दीड महिना ते येतच राहतं. म्हणजे या बुधवारी तुमच्याकडे दोडका आला असेल तर पुढच्या तीन बुधवारी तो येणार असं धरून चाला. गेल्या आठवड्यात आला नव्हता आणि आता आला, तर ती सुरुवात आहे. मुठीएवढी कोवळी फळं थोडी येतात तेव्हा सुरुवात, आणि जाड, वाकडी, दोन-चार आकारांची एकत्र यायला लागली की वेल संपत आला.

अंदाज चुकतो तो पालेभाज्यांचा. मेथी, शेपू, कोथिंबीर एकदा उपटली की वाफा रिकामा. पुढचा वाफा कधी येईल ते पेरणीवर, आणि पावसाळ्यात पावसावर. चार दिवस झड लागली की मेथी जागेवर कुजते. अळू, अंबाडी, चुका यांची पानं खुडून पुन्हा फुटतात, म्हणून त्या जास्त भरवशाच्या.

सततच्या पावसात आणखी एक होतं. मधमाश्या फिरत नाहीत, फुलं नीट फळत नाहीत. मग दुधी एका टोकाला बारीक, काकडी वाकडी अशी येते. चवीला ती चांगलीच असते. फळावर बारीक टोचल्यासारखा डाग आणि त्याभोवती मऊपणा असेल तर मात्र फळमाशीचं आहे. तेवढा भाग मोठा कापून काढा आणि आत अळी आहे का बघा.

मृणाल_कोथरूड

मळेकरीताई, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे मी जुनी यादी बघितली तर पुढचा महिना निम्मा समजतो? जुलैच्या टोपल्यांत भेंडी सलग आहे, काकडीही. दोडका आणि पडवळ या वेळी पहिल्यांदा.

मळेकरी_भोर

बरोबर. मग भेंडी अजून दोन-तीन आठवडे, दोडका-पडवळ अख्खा श्रावण. दुधी अधूनमधून. भोपळा काढून ठेवलेला असतो, तो ज्या आठवड्यात रानात कमी निघतं तेव्हा आम्ही टोपलीत भर म्हणून घालतो. भोपळ्याची फोड आली म्हणजे त्या आठवड्यात पालेभाजी खराब झाली असं समजा. आणि गटाला विचारून बघा, बहुतेक जण मंगळवारी रात्री यादी पाठवतात, फक्त मागावी लागते.

अनघा_बॉस्टन

इथेही तसंच आहे. आम्ही उन्हाळ्यात शेतावरची पेटी घेतो, जूनपासून ऑक्टोबरपर्यंत. आत्ता केल, स्विस चार्ड, नवलकोल आणि झुकिनी, झुकिनी, झुकिनी. मळेकरीताई म्हणतात तेच, झुकिनी एकदा लागली की थांबत नाही. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे: केल कोवळी नसते, नुसती परतली तर चघळत बसावं लागतं. तिचं काय करता?

शैलाकाकू_डोंबिवली

अनघा, केल मी केलेली नाही, पण जाड पानाच्या भाजीला आपण जे करतो ते कर. मधली शीर ओरबाडून काढायची, पानं बारीक चिरायची, भिजवलेल्या तुरीच्या डाळीबरोबर कुकरमध्ये शिजवायची आणि घोटून, ताक-बेसन लावून पातळ भाजी करायची. चार्डचंही पालकासारखं असंच होईल. झुकिनीला दोडका समज, मुगाची डाळ घालून. पाणी मात्र घालू नकोस.

अनघा_बॉस्टन

डाळीबरोबर घोटून! करून बघते. नवलकोलाचा पालाही यात जाईल बहुतेक.

शैलाकाकू_डोंबिवली

मृणाल, आता तुझ्या या टोपलीचे सात दिवस लावून दाखवते. लावायचा क्रम एकच: जे आधी मरतं ते आधी शिजवायचं. कुठली भाजी आवडते, कुठली सोपी आहे, हे बघत बसायचं नाही.

बुधवारी सकाळी टोपली आली तेव्हा डबे गेलेले असणार. रात्री शेपू, मुगाची डाळ घालून, भाकरीबरोबर. शेपू दोन दिवसांत पिवळा पडतो. गुरुवारी सकाळी भेंडी, कोरडी, डब्यांना. गुरुवारी रात्री अळूचं फतफतं, देठं सोलून त्यातच, हरभऱ्याची डाळ आणि दाणे घालून. वड्या हव्या असतील तर चार पानं बाजूला काढ. चिंच भरपूर घाल, नाहीतर घसा खाजतो. शुक्रवारी सकाळी पडवळ, पीठ पेरून. रात्री पिठलं-भात, टोपलीतलं काही नाही. शनिवारी सासूबाईंचा उपास. तुमच्याकडे उपासाला काकडी आणि भोपळा चालत असतील तर भोपळ्याचं दह्यातलं भरीत, वरून तुपात जिऱ्याची फोडणी. आणि काकडीची कोशिंबीर, दाण्याचं कूट घालून. तीच बाकीच्यांना पोळीबरोबर पुरते, वेगळं करायला नको.

भोपळा अख्खा असता तर मी शेवटी ठेवला असता, तो महिनाभर राहतो. तुझ्याकडे कापलेली फोड आहे. तिच्या बिया आणि मधला धाग्यांचा भाग आजच काढून टाक, तिथूनच बुरशी धरते. तरी चार-पाच दिवसांच्या वर ठेवू नकोस.

शनिवारी रात्री मटकीची उसळ. त्यासाठी मटकी शुक्रवारी सकाळी भिजत घालायची, रात्री उपसून फडक्यात बांधायची, शनिवारी संध्याकाळपर्यंत मोड येतात. पावसाळी हवेत फडकं ओलं-चिंब ठेवू नकोस, मोडांना वास येतो. उसळ ठरवायची ती आदल्या दिवशी सकाळी, हे एकदा तक्त्यात लिहून ठेवलंस की झालं.

रविवारी दोडका, मुगाची डाळ घालून. शिरा काढशील त्या टाकू नकोस, तीळ आणि सुकं खोबरं घालून चटणी होते. रविवारी रात्री कढी-खिचडी. सोमवारी सकाळी डब्यांना उरलेल्या भोपळ्याचे घारगे, रात्री उपास सोडायला वरण-भात आणि दुधीची भाजी, हरभऱ्याची डाळ घालून. मंगळवारी सकाळी उरलेला दुधी किसून थालीपिठात. रात्री चवळीची उसळ. चवळी सोमवारी रात्री भिजव, मोड नकोत. बुधवारी सकाळी डब्याला बेसनाचा झुणका, आणि टोपली रिकामी.

स्वयंपाकी_समीर

काकू, दुधी आठवडाभर ठेवला तर कडू होत नाही का? माझा एकदा झाला होता. थोडा मसाला वाढवून, जास्त वेळ शिजवून खाल्ला, कडवटपणा कमी होतो.

मळेकरी_भोर

समीर, हे करू नका, कळकळीनं सांगते. दुधी ठेवल्यानं कडू होत नाही, तो वेलावरूनच तसा येतो. वेलाला पाण्याचा ताण पडला, कधी बियाणंच तसं असलं, तर एखादं फळ कडू निघतं. बाहेरून ओळखता येत नाही. आणि शिजवल्यानं तो कडूपणा जात नाही, मसाल्यात झाकला जातो एवढंच. तो विषारी असतो. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावल्याच्या घटना आपल्याकडे झाल्या आहेत. दुधी, दोडका, काकडी, पडवळ, चिरण्याआधी देठाकडची एक चकती जिभेला लावून बघा. कडू लागली की थुंकून टाका आणि ते फळ अख्खं फेका. आम्हाला कळवलं तर आम्ही तो वेल काढून टाकतो, म्हणून कळवाच.

हेमंत_७२

मग कारलं कसं खातो आपण? ते तर कडूच असतं.

मळेकरी_भोर

कारल्याचा कडूपणा त्याचा स्वतःचा, वेगळ्या द्रव्याचा. जे फळ गोडं असायला हवं ते कडू निघालं, तर धोका.

स्वयंपाकी_समीर

हे खरंच ठाऊक नव्हतं. यापुढे चकती चाखून बघेन.

गृहिणी_सातारा

पालेभाजी ठेवण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. टोपली आली की मी पालेभाजी निवडून, धुऊन, पंख्याखाली चादरीवर दोन तास सुकवते आणि सुती पिशवीत भरते. शिजवायच्या वेळी चिखल काढत बसावं लागत नाही.

शैलाकाकू_डोंबिवली

मी धूत नाही. मुळं कापायची, सडकी पानं काढायची, कागदात गुंडाळून ठेवायची. पावसाळ्यात पंख्याखाली दोन तासांत पानं सुकत नाहीत, देठाच्या बेचक्यात पाणी राहतं आणि तिथूनच काळी पडतात.

गृहिणी_सातारा

आमच्याकडे राहतात हो काकू. चार दिवस राहतात.

मळेकरी_भोर

दोघींचंही चालेल, पान कोरडं असलं म्हणजे झालं. पावसात तोडलेली भाजी आमच्याकडूनच ओली येते, ती न धुता ठेवली तरी कुजेल. भेंडीचं मात्र नक्की: आल्या आल्या पुसून कोरडी करा. आणि भेंडी, काकडी फ्रीजच्या अगदी थंड कप्प्यात चार दिवसांवर ठेवू नका. फार गारठ्यानं भेंडीवर काळे डाग पडतात, काकडी आतून बुळबुळीत होते. खालच्या भाजीच्या खणात ठेवा आणि पहिल्या तीन-चार दिवसांत संपवा.

मृणाल_कोथरूड

काकूंच्या क्रमानं आठवडा लावला. शेपू आणि भेंडी आधी गेल्यानं खरंच काही वाया गेलं नाही. एक बदल केला, भेंडी रविवारऐवजी गुरुवारी... म्हणजे काकूंनी सांगितलं तसंच. आमच्याकडे नेहमी भेंडी मुलांच्या आवडीची म्हणून रविवारपर्यंत राखून ठेवली जायची.

आता दुसरी टोपली आली आहे: अंबाडीच्या दोन जुड्या, भेंडी, काकडी, दोडकी (किलोभर!), दोन पडवळं, घोसाळी, चवळीच्या शेंगा. मळेकरीताईंनी सांगितलं तसंच झालं. आता माझा प्रश्न बदलला. काय येईल ते कळतंय, पण तेच तेच येतंय. मुलं म्हणतात पुन्हा दोडका.

शैलाकाकू_डोंबिवली

मग आता तक्त्यात भाजीऐवजी रीत लिही. माझ्या डब्याच्या वहीत दर आठवड्याला पाच रकाने असायचे: डाळ घालून, पीठ पेरून, भरून, आंबट रस्सा आणि किसून किंवा वाटून. एक भाजी दोन आठवडे एकाच रकान्यात टाकायची नाही, एवढाच नियम.

दोडका पहिल्या आठवड्यात डाळीत गेला. या आठवड्यात दाण्याचं कूट आणि तीळ भरून, छोटे तुकडे करून भरला. पुढच्या आठवड्यात किसून भाजणीत, मुलांना कळणारही नाही. चौथ्यात जून दोडकी येतील, त्यांचा फक्त मऊ गर घ्यायचा आणि चिंच-गुळाच्या रस्स्यात टाकायचा. पडवळ गेल्या वेळी पीठ पेरून झालं, या वेळी डाळिंब्या घालून. त्यासाठी वाल दोन दिवस आधी भिजवायचे, मोड आणून सोलायचे, वेळ लागतो, म्हणून रविवारी कर. भेंडी कोरडी झाली, आता ताकातली पातळ भाजी. घोसाळ्याची भजी. एवढ्या एका कारणासाठी मी घोसाळ्याची वाट बघायचे.

अंबाडी उकळून पाणी काढून टाक, नाहीतर दात आंबतात. तांदळाच्या कण्या आणि तुरीची डाळ घालून घोट. आमच्याकडे वर लसणाची फोडणी लागते, श्रावणात तुला हिंग आणि लाल मिरचीवर भागवावं लागेल. चव थोडी वेगळी येते, मी खोटं सांगणार नाही.

नीता_अकोला

अंबाडीची भाजी आमच्याकडं ज्वारीच्या कण्या घालून करतात, तीही करून बघा. भाकरीसोबत फार छान. आणि भोपळा पुन्हा आला तर बाकरभाजी करा, खसखस-खोबऱ्याची. एकाच भाजीचं भरीत आणि बाकरभाजी हे दोन वेगळे पदार्थ वाटतात, मुलं कंटाळत नाहीत.

स्वयंपाकी_समीर

अंबाडी जास्त आली तर वाळवून ठेवता येईल का? दोडक्याच्या चकत्या? आजी दुधीचे सांडगे घालायची.

शैलाकाकू_डोंबिवली

सांडगे उन्हाळ्यातले, समीर. श्रावणात ऊन दोन तास येतं आणि जातं, बुरशी धरेल. या दिवसांत वाळवणाचा विचार नको. जास्तीची अंबाडी उकडून, घट्ट पिळून, गोळा करून फ्रीजरमध्ये ठेव. पालेभाजी असूनही ती गोठवलेली चालते, कारण नंतर घोटायचीच असते.

मृणाल_कोथरूड

पाचव्या टोपलीच्या आधी सांगून जाते. तिसऱ्या आठवड्यात चार दिवस झड होती आणि टोपली जेमतेम तीन किलो आली, पालेभाजी अजिबात नाही, अख्खा भोपळा आणि सुरण. काकूंच्या हिशेबानं मोजलं तर फक्त सहा वेळा भरत होत्या. बाकीच्या आठ घरातल्या डब्यांवर काढल्या, चार उसळी झाल्या, आणि मटकी महिन्याआधीच संपली. पुढच्या महिन्याला कडधान्य दोन किलोऐवजी तीन किलो भरणार आहे, पावसाळाभर तरी. तक्ता आता फ्रीजवर असा आहे: डावीकडे उसळी-पिठलं-कढी तारखेसकट आणि भिजत घालायची वेळ, उजवीकडे पाच रीती, आणि भाजीचं नाव बुधवारी पेन्सिलीनं.

एक अडलंय. पुढच्या आठवड्यात ऋषिपंचमी आहे. सासूबाईंना ऋषीच्या भाजीला बैलाच्या श्रमाचं काही नको आहे. टोपलीतली भाजी चालेल का?

शैलाकाकू_डोंबिवली

आमच्याकडे परसातलं, हातानं लावलेलंच घ्यायचे. आता शहरात लोक ट्रॅक्टरच्या रानातलं चालवून घेतात, बैल नाही म्हणून. सासूबाईंनाच विचार.

गृहिणी_सातारा

आमच्या सासूबाईंना ट्रॅक्टरही चालत नाही. त्या म्हणतात नांगरलेलंच नको.

मळेकरी_भोर

आमच्या रानात नांगरट ट्रॅक्टरनं होते, म्हणून सगळ्या टोपल्यांचं छातीठोक सांगता येणार नाही. पण अळू, लाल माठ, भोपळा आणि काकडीचा एक वेल विहिरीकडेला कुदळीनं खणून लावलेले असतात, बहुतेक शेतकऱ्यांकडे असतात. तुमच्या गटाला सोमवारपर्यंत कळवा, ते वेगळं बांधून देतील. चवळीच्या शेंगा आणि मक्याचं कणीस रानातलं असेल, ते घालायचं की नाही ते घरी ठरवा.

मृणाल_कोथरूड

आत्ताच फोन केला. अळू, माठ, भोपळा आणि काकडी वेगळ्या पिशवीत देणार आहेत. मक्याचं सासूबाई अजून ठरवतायत.